परकीय चलनातील बीजक आणि विनिमय फरक: पुरवठादाराच्या खात्यात उरलेल्या चोवीस हजारांचा हिशोब

या टिपणात आपण एकच बीजक घेणार आहोत आणि ते मिळाल्यापासून त्याचे पैसे देईपर्यंत त्याच्या नोंदी कशा होतात ते पाहणार आहोत. बीजक डॉलरमध्ये आहे आणि आपली वही रुपयांत आहे. सारी अडचण एवढीच आहे, पण ती नीट समजली नाही तर नफा चुकतो, मालाची किंमत चुकते आणि कधी कधी पुरवठादाराशी विनाकारण वादही होतो.

प्रश्न कुठून आला

माझा एक जुना विद्यार्थी लखनौला आलमबागेत राहतो. आलमबाग म्हणजे रेल्वेच्या डबे-वाघिणी दुरुस्ती कारखान्याचा भाग. तिथे त्याचे मोजमापाच्या उपकरणांचे छोटे दुकान आहे. कारखान्यांना आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना तो दाबमापक संवेदक पुरवतो. 2022 च्या उन्हाळ्यात त्याचा फोन आला. "सर, तैवानच्या पुरवठादाराचे सगळे पैसे दिले, तरी त्याच्या खात्यात चोवीस हजार रुपये आपले येणे दिसते. आमच्या हिशोबनिसाने त्याला ईमेल करून पैसे परतही मागितले. तो म्हणतो, मला दहा हजार डॉलर हवे होते, दहा हजार डॉलर मिळाले, विषय संपला. खरे कोण?"

खरा पुरवठादारच होता. चोवीस हजार रुपये त्याच्याकडे नव्हतेच. ते रुपया आणि डॉलर यांच्यातल्या दराने घेतले होते. वहीत मात्र त्यांना जागा दिली नव्हती, म्हणून ते पुरवठादाराच्या खात्यात लटकून राहिले.

हाच व्यवहार आता पायरीपायरीने पाहू. पुढचे दर त्या आठवड्यांतल्या खऱ्या दरांच्या जवळचे आहेत, पण हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत.

एक व्यवहार, चार दर

बीजक 10,000 डॉलरचे. किंमत न्हावा शेवा बंदरापर्यंतचे जहाजभाडे आणि विमा धरून ठरलेली. पैसे 90 दिवसांनी द्यायचे. या एका बीजकाच्या वाटेत चार वेगवेगळे दर येतात.

- 15 फेब्रुवारी 2022, माल जहाजावर चढला: 75.50 रुपये
- 10 मार्च 2022, न्हावा शेवाला सीमाशुल्क भरले: 76.60 रुपये
- 31 मार्च 2022, आर्थिक वर्ष संपले: 75.80 रुपये
- 16 मे 2022, बँकेने पैसे पाठवले: 77.90 रुपये

विद्यार्थ्यांचा गोंधळ इथेच सुरू होतो. चार दर दिसले की कोणता "खरा" असा प्रश्न पडतो. चारही खरे आहेत. प्रत्येकाचे काम वेगळे आहे आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे नाही, एवढेच लक्षात ठेवायचे.

पहिली पायरी: खरेदीची नोंद

भारतात या विषयाचे नियम लेखा मानक 11 मध्ये आहेत. मोठ्या आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना त्याऐवजी इंड-एएस 21 लागू होते. आपल्या उदाहरणापुरते दोन्ही एकच सांगतात: परकीय चलनातला व्यवहार प्रथम नोंदवताना व्यवहाराच्या तारखेचा दर लावायचा.

व्यवहाराची तारीख कोणती? ऑर्डर दिली तो दिवस नव्हे, कारण त्या दिवशी माल आपला झालेला नसतो आणि देणेही उभे राहिलेले नसते. बीजकावर छापलेली तारीखही नेहमीच बरोबर ठरते असे नाही. मालाची जोखीम आपल्याकडे आली तो दिवस धरायचा. आपल्या सौद्यात भाडे आणि विमा पुरवठादार भरतो, तरी माल जहाजावर चढताच जोखीम खरेदीदाराकडे येते. म्हणून जहाज कंपनीच्या भरणपत्रावरची तारीख, 15 फेब्रुवारी, ही आपली तारीख.

त्या दिवसाचा दर बहुतेक जण एफबीआयएलच्या संदर्भ दरावरून घेतात. जुलै 2018 पर्यंत हा दर रिझर्व्ह बँक जाहीर करत असे. आता एफबीआयएल ही संस्था तो काढते. वारंवार खरेदी करणाऱ्यांना आठवड्याचा किंवा महिन्याचा सरासरी दरही चालतो, मात्र त्या काळात दर फार हललेला नसावा.

15 फेब्रुवारीची रोजकीर्द नोंद अशी:

खरेदी खाते … नावे 7,55,000
  पुरवठादार खाते … जमा 7,55,000
(10,000 डॉलर, दर 75.50)

कंसातली ओळ शोभेची नाही. पुरवठादाराच्या खात्यात रुपयांशेजारी डॉलरचा आकडाही चालू ठेवायचा आहे. पुढे चूक शोधायला तोच उपयोगी पडतो.

दुसरी पायरी: सीमाशुल्काचा दर फक्त सीमाशुल्कापुरता

माल न्हावा शेवाला आला. आयातपत्र भरताना मालाचे मूल्य रुपयांत काढावे लागते. त्यासाठी सीमाशुल्क कायदा, 1962 च्या कलम 14 नुसार सरकार स्वतंत्र दर ठरवते. समजा तो 76.60 होता. मग शुल्कासाठी मालाचे मूल्य झाले 7,66,000 रुपये.

समजा मूळ सीमाशुल्क 7.5 टक्के. ते झाले 57,450. त्याच्या 10 टक्के समाजकल्याण अधिभार 5,745. दोन्ही मिळून 63,195. या सगळ्यावर, म्हणजे 8,29,195 रुपयांवर, 18 टक्के आयजीएसटी. रुपयात गोल करून 1,49,255.

सीमाशुल्क आणि अधिभार परत मिळत नाहीत, म्हणून ते मालाच्या किमतीत जातात. आयजीएसटीची वजावट मिळते, म्हणून तो मालाच्या किमतीत जात नाही.

आयात शुल्क (खरेदी खर्च) … नावे 63,195
आयजीएसटी वजावट खाते … नावे 1,49,255
  बँक खाते … जमा 2,12,450

आता मोह होतो तो असा: सरकारी कागदावर मालाचे मूल्य 7,66,000 आहे, मग खरेदी खात्यातले 7,55,000 बदलून तेच का लिहू नये? लिहायचे नाही. तो आकडा कर मोजण्यासाठी आहे. पुरवठादाराला त्या दराने पैसे द्यायचे नाहीत आणि माल त्या दराने घेतलेलाही नाही.

मालाची एकूण किंमत म्हणून 7,55,000 अधिक 63,195, म्हणजे 8,18,195 रुपये ठरली. बंदरापासून दुकानापर्यंतची वाहतूक इथे सोपेपणासाठी सोडून दिली आहे. या क्षणापासून डॉलर कितीही वर-खाली झाला तरी ही किंमत हलणार नाही.

तिसरी पायरी: 31 मार्चला देणे पुन्हा मोजायचे

वर्ष संपले तेव्हा माल गोदामात होता आणि पैसे द्यायचे बाकी होते. ताळेबंदात दोन आकडे जायचे आहेत: माल आणि देणे. दोन्ही एकाच बीजकातून आलेले, पण दोघांना वेगळी वागणूक मिळते.

देणे ही मौद्रिक बाब आहे. म्हणजे ठरलेल्या संख्येत पैसेच द्यायचे आहेत. 10,000 डॉलर द्यायला आज किती रुपये लागतील, हा प्रश्न 31 मार्चला विचारता येतो आणि त्याचे उत्तर 7,58,000 आहे. म्हणून देणे त्या दिवसाच्या दराने दाखवायचे.

माल ही मौद्रिक बाब नाही. गोदामातल्या खोक्यात डॉलर नाहीत, संवेदक आहेत. त्यांची खरेदी किंमत 15 फेब्रुवारीला ठरून गेली. माल पडून त्याची विक्री किंमतच खाली आली तर ती घट वेगळ्या नियमाने दाखवावी लागते, पण डॉलर हलला म्हणून खरेदी किंमत हलत नाही.

विनिमय फरक खाते … नावे 3,000
  पुरवठादार खाते … जमा 3,000
(10,000 × 0.30, दर 75.50 वरून 75.80)

हा तोटा 2021-22 च्या नफा-तोटा खात्यात जातो. "पैसे तर अजून दिलेच नाहीत, मग तोटा कसला?" असे वर्गात हमखास विचारले जाते. उत्तर असे: त्या दिवशी तुमचे देणे खरोखरच वाढलेले आहे. पुढे दर उतरला तर त्या वर्षी नफा दिसेल. पण 31 मार्चचा ताळेबंद 31 मार्चची स्थिती सांगतो, मे महिन्याची आशा सांगत नाही.

चौथी पायरी: पैसे दिले

16 मे रोजी बँकेने 77.90 दराने 10,000 डॉलर पाठवले. हा बँकेचा विक्री दर आहे. तो संदर्भ दरापेक्षा थोडा जास्त असतो, कारण त्यात बँकेचा नफाही असतो. प्रत्यक्षात खात्यातून गेलेली रक्कम याच दराने असते, म्हणून नोंदही याच दराने करायची.

फरक मोजताना मूळ 75.50 पासून मोजायचे नाही. वहीत देणे आता 75.80 दराने उभे आहे. म्हणून नवा फरक 77.90 वजा 75.80, म्हणजे डॉलरमागे 2.10 रुपये.

पुरवठादार खाते … नावे 7,58,000
विनिमय फरक खाते … नावे 21,000
  बँक खाते … जमा 7,79,000

बँकेने पैसे पाठवण्याचे शुल्क 1,500 रुपये आणि त्यावर जीएसटी 270 रुपये वेगळे कापले. त्यांची वेगळी नोंद करायची. शुल्क म्हणजे सेवेचा मोबदला. तो विनिमय फरकात मिसळला तर वर्षअखेरी बँकेने किती घेतले आणि दराने किती घेतले, हे सांगता येत नाही.

आता पडताळा. एकूण फरक 10,000 × (77.90 − 75.50) = 24,000. पहिल्या वर्षात 3,000, दुसऱ्या वर्षात 21,000. बेरीज जुळली. आलमबागेच्या वहीत लटकलेले चोवीस हजार हेच.

त्याच्या हिशोबनिसाने काय केले होते ते आता दिसेल. खरेदी 7,55,000 ला नोंदवली. 31 मार्चची नोंद केलीच नाही. मे महिन्यात बँकेतून गेलेले 7,79,000 सरळ पुरवठादाराच्या नावे टाकले. मग खात्यात 24,000 जास्त गेलेले दिसणारच. विनिमय फरक नावाचे खाते त्या वहीत नव्हते, इतकेच.

हा फरक मालाच्या किमतीत का टाकायचा नाही

पुरवठादाराचा खुलासा आल्यावर त्या हिशोबनिसाने दुसरा उपाय सुचवला: चोवीस हजार खरेदी खात्यात टाकू, म्हणजे खाते मिटेल. खाते मिटते, पण हिशोब खोटा होतो.

इथे दोन वेगळे निर्णय घेतले गेले होते. पहिला, 75.50 दराने माल घेण्याचा. दुसरा, पैसे 90 दिवसांनी देण्याचा आणि तोपर्यंत दराची जोखीम स्वतःवर ठेवण्याचा. माल महाग पडला की उधारी महाग पडली, हे मालकाला कळायला हवे. समजा त्याने हे सगळे संवेदक 9,40,000 रुपयांना विकले. मालावरचा नफा झाला 1,21,805. दराने त्यातले 24,000, म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा खाल्ला. फरक खरेदीत मिसळला असता तर त्याला वाटले असते की पुरवठादार महाग आहे, आणि तो दुसरा पुरवठादार शोधत बसला असता. फरक वेगळा दिसला म्हणून त्याला योग्य प्रश्न पडला: पुढच्या वेळी पैसे लवकर द्यावेत का, की बँकेशी आगाऊ दर ठरवून घेणारा वायदा करावा? वायदा केला तर त्याच्या नोंदीचे नियम वेगळे आहेत. ते स्वतंत्र टिपणाचा विषय आहेत.

दीर्घ मुदतीच्या देण्याला मात्र एक अपवाद आहे. लेखा मानक 11 च्या परिच्छेद 46A नुसार, 12 महिने किंवा अधिक मुदतीच्या परकीय चलनातील देण्यातून यंत्रासारखी घसारापात्र मालमत्ता घेतली असेल, तर कंपनी तो फरक मालमत्तेच्या किमतीत घेण्याचा पर्याय निवडू शकते. विक्रीसाठी घेतलेल्या मालाला हा पर्याय नाही.

आगाऊ रक्कम दिली असेल तर

अनेक परदेशी पुरवठादार काही रक्कम आधी मागतात. समजा 3,000 डॉलर जानेवारीतच 74.50 दराने पाठवले होते. दिलेली आगाऊ रक्कम सहसा पैशाच्या रूपात परत येत नाही, मालाच्या रूपात येते. म्हणून ती मौद्रिक बाब नाही आणि पुढच्या तारखांना ती पुन्हा मोजायची नाही.

मग खरेदीची किंमत दोन तुकड्यांत ठरते. 3,000 डॉलर 74.50 ने, म्हणजे 2,23,500. उरलेले 7,000 डॉलर 75.50 ने, म्हणजे 5,28,500. एकूण 7,52,000. पुढचा विनिमय फरक फक्त 7,000 डॉलरवर येतो: 7,000 × 2.40 = 16,800. आगाऊ दिलेल्या भागावर दराची जोखीम उरलेलीच नव्हती.

चूक कशी ओळखायची

पुरवठादाराच्या खात्यात डॉलर आणि रुपये दोन्ही रकाने ठेवले असतील तर चूक शोधणे फार सोपे होते. पैसे दिल्यानंतर दोन्ही रकाने पाहा.

डॉलर शून्य आणि रुपये शिल्लक असतील, तर विनिमय फरकाची नोंद राहिली आहे. आलमबागेची चूक ही होती.

डॉलर शिल्लक असतील, तर तो विनिमय फरक नव्हे. ते खरे देणे आहे. हे नेहमी घडते, कारण वाटेतली मध्यस्थ बँक आपले शुल्क पाठवलेल्या रकमेतूनच कापून घेते. आपण 10,000 डॉलर पाठवतो आणि पुरवठादाराला 9,975 मिळतात. उरलेले 25 डॉलर कोणी सोसायचे हे सौद्याप्रमाणे ठरते. आपण सोसायचे असतील तर ते पाठवावे लागतात आणि आपल्याला बँक शुल्क म्हणून लागतात. ते विनिमय फरकात ढकलले तर वही जुळते, पण पुरवठादाराचे स्मरणपत्र येतच राहते.

टॅलीमध्ये बीजक डॉलरमध्येच नोंदवले असेल तर आणखी एक खूण मिळते. ताळेबंदात `Unadjusted Forex Gain/Loss` ही ओळ दिसली, तर समजा की संगणकाने फरक मोजला आहे, पण तुम्ही तो अजून नफा-तोटा खात्यात नेलेला नाही. वर्षअखेरीचे हिशोब बंद करताना ही ओळ उरता कामा नये.

स्वाध्याय

4,000 डॉलरचे बीजक 82.00 दराने नोंदवले. वर्षअखेरीचा दर 82.20. पुढच्या वर्षी 81.70 दराने पैसे दिले. दोन्ही वर्षांचा विनिमय फरक काढा आणि मालाच्या किमतीत काय बदल होईल ते सांगा.

उत्तर: पहिल्या वर्षी 800 रुपये तोटा. दुसऱ्या वर्षी 2,000 रुपये नफा. दोन्ही मिळून 1,200 रुपये नफा. हाच आकडा 4,000 × (82.00 − 81.70) ने थेटही येतो. मालाची किंमत 3,28,000 रुपये होती तेवढीच राहील. दुसऱ्या वर्षीचा नफा 1,200 असे ज्यांचे उत्तर आले असेल, त्यांनी तिसरी पायरी पुन्हा वाचावी: वर्ष बदलताना देणे 82.20 वर आले होते, आणि दुसऱ्या वर्षाची मोजणी तिथून सुरू होते.